‘हे आमचं नाही’ म्हणायचीही एक रीत असते

परदेशातल्या ऑफिसात नव्याने रुजू झालेल्या आपल्या माणसाला एका गोष्टीचा हमखास धक्का बसतो. ‘हे काम माझ्या टीमचं नाही’ असं इथे लोक सरळ तोंडावर सांगतात, तेही हसतमुखाने, आणि कुणी मनाला लावून घेत नाही. आपल्या देशात मात्र चुकून आपल्या नावावर आलेल्या तिकिटाच्या, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीच्या, बाबतीत दोनच गोष्टी होतात. भीड म्हणून आपण ते मुकाट्याने करून टाकतो, नाहीतर मुकाट्याने पडू देतो आणि कुणी विचारलं की मग बघतो. त्यातली पहिली सवय अगदीच टाकाऊ आहे असं मला वाटत नाही, ग्राहकाचं काम निदान त्या दिवशी तरी होतं. पण मग पुढच्या महिन्यात तेच तिकीट पुन्हा आपल्याच नावावर येतं, कारण ज्याच्याकडे ते जायला हवं होतं त्याला काही कळलेलंच नसतं.

इथलं कौतुकही फार नको. नम्रपणे हात झटकण्यात इकडची मंडळी पटाईत आहेत. ‘आमच्या कक्षेत येत नाही, कृपया योग्य टीमकडे पाठवावे’ एवढी एक ओळ टाकायची आणि तिकीट ढकलायचं. योग्य टीम कोणती, तिचं नाव काय, आपल्या कक्षेत नाही हे कशावरून ठरवलं, यातलं काहीच नाही. पुढचा माणूस पहिल्यापासून सगळं वाचतो आणि तीच ओळ लिहून आणखी पुढे ढकलतो. शुक्रवारी संध्याकाळी तर हा प्रकार विशेष बहरतो, कारण तिकीट गेलं की आपल्या यादीतली लाल खूण जाते. तक्रार करणाऱ्यासाठी मात्र मुदतीचं घड्याळ साधारणपणे तिकीट उघडल्यापासूनच चालू असतं. टीम बदलली म्हणून ते शून्यावर येत नाही. हे दुखणं एकाच ऑफिसाचं नाही. एक्लिप्स आणि मोझिला या सॉफ्टवेअर प्रकल्पांतल्या बग-नोंदींच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७ ते ४४ टक्के बग एकदा तरी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले आढळले होते. म्हणजे चुकीच्या नावावर काम येणं ही रोजचीच बाब आहे. ते परत कसं करायचं, हे मात्र शिकावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. तिकीट रिपोर्ट टीमकडे आलं आहे: ‘मार्चच्या अहवालात ३१ तारखेचे व्यवहार दिसत नाहीत.’ अहवाल तुमचा, म्हणून तिकीट तुमच्या नावावर. तुमचा अंदाज असा की रात्री डेटा भरणाऱ्या टीमचं काहीतरी राहिलं असावं. एवढ्या अंदाजावर परत पाठवायचं नाही. वीसेक मिनिटं द्यायची आणि एकच प्रश्न सोडवायचा: चूक आपल्या हद्दीत शिरण्याआधी झाली की नंतर? अहवाल ज्या टेबलवरून निघतो तिथेच बघायचं.

```sql
SELECT CAST(txn_time AS DATE) AS d, COUNT(*)
FROM daily_txn
WHERE txn_time >= '2025-03-29'
GROUP BY CAST(txn_time AS DATE)
ORDER BY d;
```

२९, ३० आणि १ एप्रिलच्या नोंदी दिसल्या पण ३१ ची एकही नाही, तर माल तुमच्या दारापर्यंत आलेलाच नाही. ३१ च्या नोंदी टेबलमध्ये असतील, तर मात्र तिकीट तुमचंच. अहवालात `BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31'` असं लिहिलेलं असेल आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल, तर वरची मर्यादा ३१ च्या मध्यरात्री ००:०० ला संपते आणि त्या दिवसाचा जवळजवळ सगळा व्यवहार गळतो. महिनाअखेरचाच दिवस गायब असेल तर हा संशय आधी स्वतःवर घ्यावा. ‘आमचं नाही’ म्हणून पाठवलेलं तिकीट पुराव्यासकट परत येणं फार महागात पडतं. पुढच्या वेळी तुमचं खरं म्हणणंही कुणी ऐकत नाही.

समजा, टेबलमध्ये ३१ तारीख खरंच नाही. तरी लगेच नाव बदलायचं नाही. डेटा टीमच्या त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या माणसाला आधी विचारायचं, ‘हे तुमच्याकडे बसतंय का?’ इथल्या चांगल्या टीम हा नियम फार काटेकोरपणे पाळतात, आणि तो खरोखर घेण्यासारखा आहे: समोरच्याने ‘हो’ म्हणेपर्यंत तिकीट आपल्याच नावावर ठेवायचं. मग नोंद लिहायची, साधारण अशी:

‘मार्चच्या अहवालात ३१ तारीख नाही. अहवाल daily_txn वरून निघतो. त्या टेबलमध्ये ३० मार्च आणि १ एप्रिल आहेत, ३१ मार्चच्या नोंदी शून्य आहेत. क्वेरी सोबत जोडली आहे. कारण आम्हाला माहीत नाही. अहवालाच्या बाजूने काही बदललेलं नाही. ड्युटीवरच्या सहकाऱ्यांशी बोलून तिकीट डेटा टीमकडे देत आहोत. नोंदी भरल्या की अहवाल आम्ही पुन्हा चालवू, तोवर या तिकिटावर आमचं लक्ष राहील.’

यात ‘तुमचा जॉब पडला’, म्हणजे रात्रीचं डेटा भरण्याचं काम फसलं, असं कुठेही नाही. जॉब पडला की वरूनच फाइल आली नाही, हे रिपोर्ट टीमला तिथून दिसत नाही. दिसलं तेवढंच लिहायचं. शेवटचं वाक्य तर सगळ्यात कामाचं, कारण डेटा भरला तरी आधीच काढलेला अहवाल आपोआप बदलत नाही. ते काम तुमचंच उरतं.

तिकीट देताना दोन बारीक चुका फार होतात. टीम बदलली, पण ‘असाइनी’च्या रकान्यात तुमचं नाव तसंच राहिलं, तर पलीकडच्यांना वाटतं की कुणीतरी यावर बसलेलं आहे. किंवा तिकिटाची स्थिती ‘काम सुरू’ अशीच राहिली. त्यांची सकाळची यादी फक्त ‘नवीन’ तिकिटं दाखवत असेल तर हे तिकीट त्यांना दिसतच नाही. म्हणून टीम, नाव आणि स्थिती तिन्ही बघून मगच बाहेर पडायचं. द्यायचंही टीमच्या क्यूमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक यादीत, ओळखीच्या एका माणसाच्या नावावर नाही. तो रजेवर असला की तिकीटही रजेवर जातं. प्राधान्य मात्र तुम्ही कमी करू नका, तो हक्क घेणाऱ्याचा.

तक्रार करणाऱ्यालाही वेगळ्या दोन ओळी लागतात: काय सापडलं, आता कुणाकडे आहे, आणि त्याने पुन्हा अर्ज करण्याची गरज नाही. दरम्यान कुणी अर्धवट आकडे वापरू नयेत म्हणून अहवालावर ‘३१ मार्चचे व्यवहार बाकी’ अशी सूचना टाकणं तुमच्याच हातात आहे, आणि ते पाचच मिनिटांचं काम आहे. भीडेपोटी सगळं स्वतःच करणाऱ्या आपल्या लोकांना हे चांगलं जमतं, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. फक्त डेटा स्वतः भरायला जाऊ नका. परवानगी असली तरी नको. त्यांनी नंतर तोच दिवस पुन्हा चालवला तर नोंदी दुप्पट होऊ शकतात आणि मग दोष कुणाचा हे शोधण्यातच आठवडा जातो.

तिकीट दुसऱ्यांदा परत आलं, तर तिसऱ्यांदा लिहून पाठवायचं नाही. दोन्ही टीमचा एकेक माणूस पंधरा मिनिटं एका कॉलवर घ्यायचा, तीच क्वेरी समोर चालवायची आणि कुणाच्या नावावर राहणार ते तिथेच तिकिटात लिहायचं. सेवा बंद पडण्याइतकं तातडीचं असेल तर पहिल्याच वेळी कॉल करायचा.

आणि तिकीट मुळात तुमच्याकडे का आलं, तेही बघून घ्या. बहुतेक वेळा अर्जाच्या यादीत ‘अहवालात चूक’ असा एकच पर्याय असतो आणि तो निवडला की सगळं रिपोर्ट टीमकडे येतं. हेल्पडेस्कला सांगून तिथे ‘अहवालात एखादा दिवस नाही’ असा वेगळा पर्याय घालून घ्या, आणि त्याच्याखाली डेटा टीमच्या क्यूचं नाव.