सईचा अंगठा आणि तिच्या भावाची चोखणी

लहान मुलांचे दात बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. मिरचीने डोळे सुजलेलं मूल मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या खुर्चीत बसलं.

सई (नाव बदललं आहे) सव्वापाच वर्षांची. अंगठा सुटावा म्हणून आजीने रात्री झोपताना त्याला हिरव्या मिरचीचा ठेचा चोळला होता. झोपेत तोच अंगठा डोळ्याला लागला. मध्यरात्री डोळे धुवायला दवाखाना गाठावा लागला, आणि सकाळी तिथून सगळी वरात माझ्याकडे आली: सई, आई, आजी आणि आजीच्या मांडीवर पाच महिन्यांचा भाऊ. भाऊ रडायला लागला, तशी आजीने पिशवीतून छोटी बाटली काढली, चोखणी मधात बुडवली आणि त्याच्या तोंडात दिली. मग मला म्हणाली, "डॉक्टर, हिचं तेवढं चोखणं सोडवा बाई."

मी आधी सईचे हात मागितले. डाव्या हाताच्या नखांत माती होती, अर्धवट उडालेलं नेलपॉलिश होतं. उजवा अंगठा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ, पाण्यात भिजून सुरकुतलेला, आणि पेरावर घट्टा. एवढा घट्टा असला की चोखणं वरवरचं नाही हे कळतं. थोडा वेळ नुसता तोंडात अंगठा ठेवून बसणारं मूल दातांचं फारसं बिघडवत नाही. दात हलतात ते रोज चार-सहा तास दाब राहिला तर, मग तो हलका का असेना. घटकाभर जोरात चोखण्यापेक्षा रात्रभर शांतपणे तोंडात राहिलेला अंगठा जास्त नुकसान करतो.

"दात मिटून दाखव," म्हटलं. दाढा मिटल्या, पण पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटलेच नाहीत. मधे पाच मिलिमीटरची फट, बरोबर अंगठ्याच्या आकाराची. पेरू, काकडी ती बाजूच्या दातांनी तोडते, असं आई म्हणाली. त्या फटीतून जीभ बाहेर यायची, म्हणून स्वतःचं नाव ती 'थई' सांगायची. शिवाय उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसत होत्या. अंगठा तोंडात असला की जीभ खाली दबते, गाल आत ओढले जातात आणि टाळू अरुंद होत जाते. या दोन बिघाडांतला फरक मी आईला तिथेच सांगितला. पुढची फट, सवय सुटली तर, बहुतेक वेळा आपोआप भरत येते. पक्के दात येण्याआधी, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या आत सुटली तर फारच छान. दाढांचं उलटं बसणं मात्र सहसा आपोआप सुधारत नाही.

आजी म्हणाली, "कडुलिंब झाला, कोरफड झाली, म्हणून मिरची." मी रागावले नाही, कारण तिच्या पिढीत सगळ्यांनी हेच केलं. पण कडू चवीने सुटतो तो जागेपणीचा, ध्यानात असलेला अंगठा. झोपेतल्या अंगठ्याला चव कुठली कळायला?

म्हणून पहिला आठवडा काहीच सोडवायचं नाही, असं सांगितलं. आईने फक्त लिहायचं: कधी, कुठे, हातात काय होतं. टोकायचंही नाही. आठ दिवसांनी वही आली. शाळेच्या व्हॅनमध्ये वीस मिनिटं, संध्याकाळी टीव्हीसमोर दीड तास, आणि झोप लागल्यापासून पहाटेपर्यंत. खेळताना, जेवताना, शाळेत एकदाही नाही. म्हणजे घरच्यांना वाटत होता तसा 'दिवसभर अंगठा' नव्हताच.

सगळ्यात सोपं आधी घेतलं. व्हॅनमध्ये दोन्ही हातांनी पाण्याची बाटली धरायची. ते चार दिवसांत जमलं. टीव्हीसमोर मटार सोलायचं काम दिलं, मटार नसतील तर शाडूची माती. ज्या संध्याकाळी अंगठा कोरडा राहील, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सईने स्वतः चांदणी काढायची. ओला झाला तर चौकोन रिकामा. त्यावर कोणी बोलायचं नाही, ही अट आजीला फार जड गेली.

तीन आठवड्यांनी रात्र हाती घेतली. सईला विचारलं, रात्री अंगठ्याला आठवण करून द्यायला मदत हवी का? ती हो म्हणाली, तेव्हाच पुढे गेलो. मूल नको म्हणत असेल तर मी हे करत नाही. हात सरळ ठेवून कोपराभोवती क्रेप बँडेज सैलसर गुंडाळायचं, आत दोन बोटं सहज जातील इतकं. हात वाकवून तोंडाशी नेता येतो, पण झोप गाढ झाली की बँडेजच्या ताणाने कोपर सरळ होतं आणि अंगठा बाहेर पडतो. बोटं गार पडली किंवा निळसर दिसली तर लगेच सोडायचं. पहिल्या रात्री तिने बाहुलीलाही बांधलं. मधे तापात चार रात्री सगळं पहिल्यासारखं झालं. आईचा फोन आला, मी म्हटलं, ताप उतरू दे, मग परत बांधा. दोन महिन्यांनी बँडेज लागेनासं झालं.

आता मधाकडे वळते. आजीला वाटलं मी चोखणीच फेकायला सांगणार. मी मध टाकायला सांगितला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळं पडण्याचा, क्वचित पण गंभीर धोका असतो. दात यायला लागल्यावर तोच मध किडीला आमंत्रण. खाली पडलेली चोखणी आजी स्वतःच्या तोंडात घालून 'साफ' करायची, तेही बंद.

पण चोखणीला मी वैरी मानत नाही. हे बाळ तेहतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं. तोंडाने पिता येईना, तेव्हा दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीशी लावून परिचारिकांनी त्याला चोखायला शिकवलं होतं. नुसतं चोखणं बाळाला शांत करतं आणि पिणं शिकवतं. झोपेच्या वेळी दिलेली चोखणी बाळाच्या अचानक मृत्यूचा धोका कमी करते, म्हणून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ती सुचवतात. मात्र अंगावरचं पिणं नीट बसल्यावरच. आपल्याकडे ती बहुतेकदा रडणं थांबवायला, भूक लागलेली असतानाही दिली जाते, आणि तिथेच गडबड होते. दूध कमी ओढलं जातं आणि वजन रेंगाळतं.

म्हणून ठरलं ते असं: एकसंध, जोड नसलेली चोखणी, गळ्यात दोरी नाही, फक्त झोपेपुरती. झोपेत गळून पडली तर परत घालायची नाही. सहा महिन्यांनंतर कानाचे आजार वाढू शकतात, तेव्हा दिवसाची झोप चोखणीशिवाय लावायची. वर्षानंतर रात्रीचीही कमी करत न्यायची. टोक कापायचं नाही, तुकडा घशात अडकतो. अंगठ्यापेक्षा चोखणीचं बरं असतं ते एवढंच, की ती काढून कपाटात ठेवता येते.

नऊ महिन्यांनी सई आली तेव्हा फट दीड मिलिमीटरवर आली होती आणि खालचा पहिला पक्का दात डोकावत होता. उजव्या दाढा तशाच उलट्या. पक्क्या दाढा आल्यावर टाळू रुंदावणारी पट्टी बसवावी लागेल, असं सांगितलं. 'स' अजून 'थ'च होता, म्हणून वाचा-उपचारांसाठी चिठ्ठी दिली.

भाऊ आता चौदा महिन्यांचा. चोखणी फक्त रात्रीची. आजी म्हणाली, "तीही सुटेल, पण परवापासून हा अंगठ्याकडे बघतोय हो, डॉक्टर." आणि पदराखालून त्याचा हात काढून माझ्यापुढे धरला. मी अंगठा उलटसुलट करून पाहिला. कोरडा होता, नखात बिस्किटाचा चुरा.