आलेख म्हणाला ९५२, जस्त निघालं ९०० ला

धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक छोटा प्रकल्प होता. एखादा धातूचा ऑक्साइड घ्यायचा, कोळशाने त्याचं क्षपण किती तापमानाला होईल ते एलिंगहॅम आकृतीवरून सांगायचं आणि मग भट्टीत करून बघायचं. मी झिंक ऑक्साइड घेतला. आकृती पुस्तकातून उचलायची नाही, आपल्या हाताने काढायची, अशी सरांची अट होती. त्या अटीमुळेच मला ती आकृती कळली.

आकृतीत आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर ऑक्साइड तयार होतानाचा मुक्त ऊर्जेतला बदल असतो. ज्याची रेघ खाली, त्याची ऑक्सिजनवरची पकड जास्त. कार्बनची रेघ जिथे धातूच्या रेघेखाली जाते, तिथून पुढे कार्बन त्या धातूकडून ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. वाचायला इतकं सोपं आहे, म्हणून मी एका संध्याकाळीच दोन रेघा मारल्या. उष्णता आणि एंट्रॉपीचे आकडे तक्त्यात होतेच. झिंक ऑक्साइडचा एक मोल घेतला, त्याची उष्णता −३५०.५ किलोज्यूल. कार्बनसाठी `2C + O₂ → 2CO` ही अभिक्रिया घेतली, तिची −२२१. दोन्ही रेघा एकमेकींना छेदल्या त्या १९० अंश सेल्सिअसच्या आसपास.

हा आकडा घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "म्हणजे झिंक ऑक्साइड आणि कोळशाची पूड घरच्या ओव्हनमध्ये ठेवली तर जस्त मिळेल?"

चूक कुठे होती ते घरी आल्यावर सापडलं. झिंक ऑक्साइडच्या एका मोलमध्ये ऑक्सिजन वायूचा अर्धाच मोल लागतो. कार्बनच्या अभिक्रियेत मी पूर्ण एक मोल घेतला होता. दोन रेघांची तुलना करायची तर दोन्हीकडे ऑक्सिजन सारखाच हवा, कारण शेवटी हिशोब एकाच ऑक्सिजनच्या देवघेवीचा आहे. आकृतीतली प्रत्येक रेघ एका मोल ऑक्सिजनसाठी असते ती याच कारणाने. `2Zn + O₂ → 2ZnO` असं लिहिलं की उष्णता −७०१ होते आणि रेघ एकदम खाली जाते. छेदनबिंदू १९० वरून थेट हजार अंशांच्या जवळ गेला. सगळ्यात सहज होणारी चूक हीच, आणि ती पकडण्याचा उपायही सरांच्या त्या प्रश्नातच आहे: आलेखातून आलेलं तापमान आधी रोजच्या अनुभवाशी ताडून बघायचं.

आता रेघांच्या उतारांकडे बघू. उतार म्हणजे एंट्रॉपीतला बदल, फक्त चिन्ह उलटं. घन जस्त एक मोल ऑक्सिजन खातं आणि घन ऑक्साइड होतं. वायू नाहीसा होतो, एंट्रॉपी घटते, रेघ वर चढते. कार्बनचं उलट आहे. एक मोल ऑक्सिजन जातो आणि दोन मोल कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो. वायू वाढतो, म्हणून रेघ खाली उतरते. बाकी जवळपास सगळ्या रेघा वर चढत असताना ही एकच रेघ उतरते, म्हणून पुरेसं तापवलं की ती बहुतेकांना कधी ना कधी छेदतेच. कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड होण्याची रेघ मात्र जवळपास सपाट आहे, कारण तिथे एक मोल वायू जातो आणि एकच येतो. साधारण ७०५ अंशांच्या वर मोनॉक्साइडची रेघ तिच्या खाली जाते, म्हणून माझ्या कामाची रेघ मोनॉक्साइडचीच होती.

दुसरी गोष्ट मला पट्टीने शिकवली. मी जस्ताची रेघ सरळ ओढत नेली होती. पण जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वितळताना एंट्रॉपी थोडीच बदलते, त्यामुळे तिथे रेघेतला वाक डोळ्यांना दिसत नाही. उकळल्यावर मात्र दोन मोल जस्ताची वाफ आणि एक मोल ऑक्सिजन, असा तीन मोल वायू मिळून घन ऑक्साइड होतो. उतार जवळपास दुप्पट होतो आणि रेघ तिथे मोडून उभी चढू लागते. वाफेच्या भागासाठी मी हे आकडे वापरले, किलोज्यूलमध्ये आणि केल्विनमध्ये:

```
2Zn(g) + O2 → 2ZnO   ΔG° = -921.7 + 0.3946 T
2C + O2 → 2CO        ΔG° = -223.4 - 0.1753 T
```

दोन्ही समान धरले की `T = 698.3 / 0.5699`, म्हणजे १२२५ केल्विन, म्हणजेच ९५२ अंश सेल्सिअस. रेघ न मोडता सरळ नेली असती तर ९९६ आले असते. अहवालात मी लिहिलं की ९५२ च्या खाली क्षपण होणार नाही, आणि त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग भट्टी. अॅल्युमिनाची नळी, तिच्यात अॅल्युमिनाची छोटी होडी. होडीत २ ग्रॅम झिंक ऑक्साइड आणि ०.६ ग्रॅम लाकडी कोळशाची बारीक पूड, खलात एकजीव केलेली. हिशोबाने कोळसा ०.३ ग्रॅम पुरला असता, पण मुद्दाम दुप्पट घेतला. हवा आत येऊ नये म्हणून आर्गॉनचा संथ प्रवाह सोडला आणि बाहेर पडणारा वायू धुराड्यात नेला, कारण त्यात मोनॉक्साइड असतो. पहिली खेप ९०० अंशांना, एक तास. ही खेप काही होत नाही हे दाखवण्यापुरती होती.

नळीच्या थंड टोकाकडे आधी पिवळट थर दिसला. झिंक ऑक्साइड गरम असताना पिवळा असतो आणि थंड झाला की पांढरा होतो. इथेही डोळ्यांदेखत तसंच झालं. नळी निवल्यावर प्रयोगशाळेतल्या मामांनी ती हलकेच तिरकी धरली आणि मी काडीने थर खरवडला. वरचा पांढरा पापुद्रा निघाल्यावर खाली करडी, चमक असलेली भुकटी होती आणि तिच्यात मोहरीहून लहान, गोल मणी. मणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले तर बुडबुडे आले. पांढरा पापुद्रा मात्र बुडबुड्यांशिवाय विरघळला. म्हणजे ते मणी जस्ताचेच. होडीचं वजन ०.७ ग्रॅमने घटलं होतं. ऑक्साइड ओलसर होता असं म्हणून सुटका नव्हती, तो मी आधीच वाळवून घेतला होता.

थर्मोकपल चुकीचं दाखवत असेल असं मला वाटलं. दुसरं लावून बघितलं, फरक दोन अंशांचा. तेव्हा सर म्हणाले, "आलेख बरोबर आहे. त्याने कुठल्या दाबाचं उत्तर दिलं ते बघ."

आकृतीतल्या रेघा प्रमाण स्थितीसाठी असतात, म्हणजे प्रत्येक वायू स्वतः १ अॅटमॉस्फिअर दाबाला. झिंक ऑक्साइड आणि कोळशातून दोन वायू एकदम निघतात, जस्ताची वाफ आणि मोनॉक्साइड. दोन्हीचा दाब १ धरला तर नळीत एकूण २ अॅटमॉस्फिअर दाब हवा! माझा ९५२ चा आकडा अशा बंद भांड्याचा होता. उघड्या नळीत, आर्गॉन नसता तरी, दोघांच्या वाट्याला अर्धा अर्धाच येतो.

दाब कमी झाला की रेघ शून्य केल्विनवरच्या आपल्या टोकाभोवती फिरते. जस्ताची वाफ अर्ध्या दाबाला असेल तर तिच्या रेघेत `2RT ln 2`, म्हणजे दर केल्विनला ११.५ ज्यूल वाढतात, आणि ती जास्त उभी होते. मोनॉक्साइडच्या रेघेतून तेवढेच वजा होतात, म्हणून ती जास्त उतरते. कात्रीची दोन पाती उघडावीत तशा या रेघा फाकतात आणि छेदनबिंदू डावीकडे सरकतो: `698.3 / 0.593`, म्हणजे १,१७८ केल्विन, ९०५ अंश. अर्ध्या दाबाला जस्त उकळण्याचा बिंदूही ८४० च्या आसपास खाली येतो, त्यामुळे रेघेची मोडही आधीच होते आणि वाफेचं समीकरण तिथे चालतं. माझ्या नळीत तर आर्गॉन दोन्ही वायू पुढे ढकलत होता. दोघांचा दाब ०.२ धरला की छेदनबिंदू ८४७ वर येतो. ९०० ला मणी का मिळाले ते उघड झालं.

पांढऱ्या पापुद्र्याचं उत्तरही त्याच रेघांमध्ये होतं. वाफ थंड टोकाकडे गेली की ती छेदनबिंदूच्या डावीकडे येते. तिथे उलटा कल असतो: जस्त मोनॉक्साइडकडून आणि जो थोडा डायऑक्साइड असेल त्याच्याकडून ऑक्सिजन परत घेतं. म्हणून जस्ताच्या कारखान्यात वाफ हळूहळू निवू देऊन चालत नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झावरला शेकडो वर्षांपूर्वी जस्त काढणाऱ्यांनी वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या, तोंड खाली करून लावल्या होत्या, एका भट्टीत ३६. भट्टीचा जाळ वर, आणि वाफ नळीतून खालच्या थंड भांड्यात. माझ्या लांब, सावकाश निवणाऱ्या नळीपेक्षा ती मांडणी जस्तासाठी कितीतरी योग्य होती.

१००० अंशांच्या खेपेत तासाभरात २.२ ग्रॅम घट झाली, म्हणजे होऊ शकणारी जवळपास सगळी. ८५० ला दोन तासांतही घट थोडीच होती. तिथे कल अनुकूल आहे, पण अभिक्रियेचा वेग नाही. कोळसा आणि ऑक्साइडचे कण मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. खरं काम मोनॉक्साइड करतो, तो ऑक्साइडमधून ऑक्सिजन घेऊन डायऑक्साइड होतो, आणि कोळशाने त्याचा पुन्हा मोनॉक्साइड करायचा असतो. हा दुसरा टप्पा कमी तापमानाला रेंगाळतो. रेघांमध्ये वेग कुठेच नसतो. जी संयुगं आपण काढलीच नाहीत तीही नसतात: अॅल्युमिना आणि कार्बनच्या रेघा दोन हजार अंशांच्या वर कुठेतरी छेदतात खऱ्या, पण तिथे अॅल्युमिनिअमचं कार्बाइड मध्ये येतं, आणि ते त्या दोन रेघांना माहीतच नाही.

अहवालातलं ते दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य मी खोडलं. त्या जागी तीन तापमानं लिहिली, ९५२, ९०५ आणि ८४७, आणि प्रत्येकासमोर जस्ताच्या वाफेचा आणि मोनॉक्साइडचा दाब. आलेखावर पेन्सिलीने रेघांच्या आणखी दोन जोड्या काढल्या. तिन्ही जोड्यांमध्ये जस्ताच्या वाफेच्या रेघा मागे ओढत नेल्या तर शून्य केल्विनवर एकाच बिंदूत मिळतात, आणि मोनॉक्साइडच्या दुसऱ्या एका बिंदूत.