आजोबा थांबले तिथे जाहिरात

पानशेतच्या पुरावरची आमची ५२ मिनिटांची मुलाखत यूट्यूबवर चढली त्याच्या तिसऱ्या दिवशी आजोबांच्या मुलीचा फोन आला. "बाबा बोलत होते तिथे गादीची जाहिरात कशी काय लावलीत?" एवढंच विचारलं तिने, आवाज न चढवता. मी एडिटिंग करते. जाहिरातींच्या जागा चॅनलचं काम बघणारा मुलगा ठरवतो. फोन मात्र मला आला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आजोबा नारायण पेठेत राहत होते, वय नऊ. मुलाखतीत ते सांगतात, "जिन्यात पाणी आलं. आईचा हात सुटला." मग साधारण चार सेकंद काहीच नाही. मग, "खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कॉलर धरून वर ओढलं." ते चार सेकंद मी मुद्दाम ठेवले होते. नेमक्या त्याच फटीत, १८:४० ला, मिड-रोलचा, म्हणजे व्हिडिओच्या मधे येणाऱ्या जाहिरातीचा, स्लॉट बसला होता.

यूट्यूबवर ८ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत मधे जाहिराती घेता येतात, आणि हाताने जागा ठरवताना त्या वाक्य न तोडता नैसर्गिक विरामावर घ्याव्यात असं सांगितलं जातं. चॅनलच्या त्या मुलाने वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा चढउतार दाखवणारी रेघ, उघडला, जिथे रेघ सपाट दिसली तिथे खूण केली. असे सात स्लॉट. व्हिडिओ त्याने पूर्ण ऐकलाच नव्हता, आणि मला याचाच राग आहे. वेव्हफॉर्ममध्ये गोष्ट संपल्याची शांतता आणि माणसाचा कंठ दाटल्याची शांतता अगदी सारखीच दिसते. ऐकल्याशिवाय फरक कळायला मार्ग नाही.

रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या क्षणाला किती टक्के लोक अजून बघताहेत ते दाखवणारा, मी नीट बघितला. लांब मुलाखतीत तो हळूहळू उतरतोच, त्याचं काही नाही. बघायची असते ती पायरी, म्हणजे काही सेकंदांत रेघ एकदम खाली येते आणि नंतर त्याच खालच्या पातळीवरून पुढे चालते. १८:४० ला ४६ टक्क्यांवरून ३९ वर आली होती. ३४ व्या मिनिटाच्या स्लॉटवर मात्र उतार जेमतेम एक टक्का, कारण तिथे धरणाचा विषय संपून मदतकार्याचा सुरू होतो. प्रत्येक प्रेक्षकाला प्रत्येक स्लॉटवर जाहिरात दिसतेच असं नाही, आणि कोणाला दिसली ते हा आलेख वेगळं काढून दाखवत नाही. त्यामुळे पायरी जाहिरातीची की मजकुराची, हे ठरवायचा एकच उपाय हाताशी होता: स्लॉट हलवायचा, मजकूर तसाच ठेवायचा.

२१:०५ ला त्या दिवसाची हकीकत संपते. मग ओंकारेश्वराच्या घाटाचं सहा सेकंदांचं दृश्य आहे, फक्त नदीचा आवाज, आणि त्यानंतर प्रश्न येतो, "पाणी ओसरल्यावर काय दिसलं?" मुलाचं म्हणणं, स्लॉट प्रश्नानंतर टाकू, उत्तरासाठी लोक थांबतील. थांबतीलही, पण चिडून. मी तो आजोबांच्या शेवटच्या शब्दानंतर साधारण एका सेकंदाने, घाटाच्या दृश्याच्या सुरुवातीलाच घेतला. शब्दाला चिकटून घेतला तर आवाजाची शेपटी कापली जाते. दृश्याच्या शेवटी घेतला तर जाहिरातीच्या गोंगाटातून परतलेला माणूस थेट प्रश्नावर आदळतो. सुरुवातीला घेतला की आधी नदी, मग प्रश्न. ही जागा सापडली ते नशीब, कारण चढवलेल्या व्हिडिओतून यूट्यूबच्या एडिटरमध्ये तुकडा कापता येतो, नवं दृश्य घालता येत नाही. आता प्रत्येक प्रकरण संपलं की पाच-सहा सेकंदांची अशी मोकळी जागा मी एडिटमध्येच बांधते आणि तिची वेळ लिहून देते.

पुढच्या आठवड्याचा आलेख वेगळा काढला. १८:४० ची पायरी गेली होती; २१:०५ ला दोन टक्क्यांचा उतार. एकूण टक्केवारीची तुलना मी केली नाही. पहिल्या दिवसांत आपले नेहमीचे लोक येतात, नंतर शोधून येणारे, आणि दोघांचं बघणं वेगळं असतं.

सातपैकी चार स्लॉट ठेवले. चॅनलचे मालक म्हणतात, तीन स्लॉटचे पैसे सोडले. त्यांचं चुकीचं नाही, कॅमेऱ्याचं भाडं त्यातूनच निघतं. पण पहिल्या दहा मिनिटांतले दोन स्लॉट मी परत घेऊ देणार नाही, कारण आजोबा कोण, कुठल्या वाड्यात राहत होते, हे कळण्याआधीच माणूस निघून गेला तर पुढचे स्लॉट कोणासाठी?

आमचं अजून अडलंय ते ४१ व्या मिनिटावर. तिथे आजोबा पुरात गेलेल्या शेजाऱ्यांची नावं घेतात, आणि नावं संपल्यावर एक स्लॉट आहे. विषय तिथे खरोखर संपतो, आलेखात पायरी नाही, कोणी तक्रारही केलेली नाही. मालकांना तो हवाय. मी आजोबांच्या मुलीला विचारलंय; ती रविवारी त्यांच्यासोबत बसून तो भाग बघणार आहे.