व्हाईट कुशनला लागला, पण केव्हा?

आमच्या कंपनीची एट-बॉल पूलची स्पर्धा लोअर परळच्या एका पार्लरमध्ये ठरली आणि सूचनेत 'आंतरराष्ट्रीय नियम' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी दादरच्या पार्लरमध्ये खेळत आले ते तिथल्या रिवाजाने: ब्रेकवर, म्हणजे पहिल्या फटक्यावर, जो बॉल गेला तो आपला गट, व्हाईट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, पॉकेटमध्ये गेला की रेघेमागून खेळायचं, आणि पॉकेट सांगायचं ते फक्त ब्लॅकला. यातलं जवळजवळ काहीच या नियमांत बसत नाही. म्हणून नियमावली छापून घेतली आणि मामांकडे गेले. मामा गिरगावात वर्षानुवर्षं स्नूकर खेळलेले. सराव त्यांच्यासोबतच केला.

ब्रेकपासून सुरुवात केली. रॅक लावताना आठ नंबरचा ब्लॅक मधोमध, म्हणजे तिसऱ्या ओळीच्या मध्यभागी, आणि शेवटच्या ओळीच्या दोन टोकांना एक सॉलिड, म्हणजे १ ते ७ मधला एकरंगी, व एक स्ट्राइप, म्हणजे ९ ते १५ मधला पट्ट्याचा. बाकीचे कसेही. व्हाईट मागच्या रेघेच्या आत कुठेही ठेवता येतो. ब्रेक वैध होण्यासाठी एखादा बॉल पॉकेटमध्ये जायला हवा, नाहीतर रॅकमधले किमान ४ बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या आतल्या कडेला, लागायला हवेत. तसं झालं नाही, तर समोरचा आहे त्या टेबलावर खेळू शकतो किंवा नवीन रॅक मागू शकतो. म्हणजे घाबरत घाबरत हळू ब्रेक करण्यात काही अर्थ नाही. ब्रेकवर ब्लॅक गेला तर फ्रेम जिंकत नाही आणि हरतही नाही. व्हाईट पॉकेटमध्ये गेला नसेल, तर ब्लॅक परत जागेवर ठेवून पुढे खेळायचं की पुन्हा ब्रेक करायचा, हे ब्रेक करणारा ठरवतो.

ब्रेकवर काहीही गेलं तरी टेबल 'ओपन' राहतं, हे अंगवळणी पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गट ठरतो तो त्यानंतर: बॉल आणि पॉकेट सांगून तो वैधपणे पॉट केला की. तोपर्यंत ब्लॅक सोडून कुठल्याही बॉलवर पहिला फटका मारता येतो. म्हणजे ब्रेकनंतर टेबलाभोवती एक चक्कर मारून विचार करायला तुम्हाला मुभा आहे, आणि ती वापरलीच पाहिजे.

मामांशी खरा वाद झाला तो वैध शॉटवर. नियम असा: व्हाईटने आधी आपल्या गटातल्या बॉलला लागायचं, आणि त्या स्पर्शानंतर एकतर कुठला तरी बॉल पॉकेटमध्ये जायला हवा किंवा कुठला तरी बॉल, व्हाईटसुद्धा चालेल, कुशनला लागायला हवा. दोन्ही नाही तर फाऊल. स्नूकरमध्ये ही कुशनची अट नाही. योग्य बॉलला आधी हलकेच लागून व्हाईट तिथेच थांबला तरी चालतं. मामा सवयीने तसेच सेफ्टी, म्हणजे पॉट न करता समोरच्याला अडवणारा फटका, खेळायचे.

"मामा, हा फाऊल झाला. स्पर्शानंतर काहीच कुशनला गेलं नाही."

"अगं, लागला ना बॉल बरोबर? मग फाऊल कसला?"

नियमावली वाचून दाखवल्यावर ते गप्प झाले, आणि तिथून पुढे सेफ्टी खेळताना आधी व्हाईट कुठल्या कुशनला जाणार ते स्वतःच मोठ्याने सांगू लागले. फाऊलची शिक्षाही मोठी आहे. समोरच्याला 'बॉल इन हँड' मिळतो, म्हणजे व्हाईट टेबलावर कुठेही ठेवायचा. रेघेमागची मर्यादा फक्त ब्रेकवर फाऊल झाला तर.

स्पर्धेतली एक फ्रेम सांगते, कारण यातला प्रत्येक नियम तिच्यात आला. ब्रेक माझा होता. २ आणि ११ गेले, एक सॉलिड, एक स्ट्राइप. टेबल ओपन. वरवर पाहता स्ट्राइप सोपे दिसत होते. तीन बॉल तर पॉकेटच्या तोंडाशीच. पण १२ आणि १५ लांब कुशनजवळ एकमेकांना चिकटून पडले होते. सोपे बॉल किती, यापेक्षा अडलेले बॉल कुठल्या गटात आहेत हे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. अडलेला एक बॉल सुटला नाही तर बाकीचे सहा पॉट करून उपयोग नाही. मी ५ नंबर मधल्या पॉकेटमध्ये सांगून घातला आणि सॉलिड माझे झाले. मग १ गेला, ६ थोडक्यात राहिला.

समोरच्याने ९, १३, १४ आणि १० एकामागून एक साफ केले. सुरेख खेळला. पण उरले तेच दोन, १२ आणि १५, आणि ते सोडवायचा त्याचा शॉट काही जमला नाही. माझे ३, ४, ६, ७ बाकी होते आणि पॉट नीट दिसत नव्हता. मी "सेफ्टी" म्हटलं, ३ ला कडेने स्पर्श केला, व्हाईट खालच्या कुशनला लागून परत आला आणि ७ च्या मागे लपला. कुशन लागलं, शॉट वैध.

आता त्याला १२-१५ थेट दिसत नव्हते. त्याने व्हाईट समोरच्या कुशनवर मारला आणि तो परतून बरोबर १२ ला लागला. अवघड शॉट, आणि आजूबाजूच्यांनी टाळ्याही वाजवल्या. पण वेग संपला होता. १२ जेमतेम हलला, १५ कुशनच्या बोटभर अलीकडे थांबला, व्हाईट मध्येच राहिला. पंचांनी फाऊल दिला. तो म्हणाला, "सर, कुशन तर लागलं ना!" लागलं होतं, पण स्पर्शाच्या आधी. मोजलं जातं ते स्पर्शानंतरचं. असा शॉट खेळताना बॉल शोधायला लागेल त्याहून थोडा जास्त वेग ठेवावा लागतो, म्हणजे स्पर्शानंतर काहीतरी कुशनपर्यंत पोचेल.

बॉल इन हँड मिळाला की सोपा बॉल घ्यायचा मोह होतो. मी ६ घेतला, कारण तो ब्लॅकच्या शेजारी, एकाच कोपऱ्याजवळ होता. तो त्याच पॉकेटमध्ये घालायला गेले असते आणि धक्क्याने ब्लॅकही आत गेला असता, तर फ्रेम गेली असती. गट संपण्याआधी ब्लॅक पडला की हार, आणि शेवटच्या बॉलसोबत एकाच फटक्यात पडला तरी हारच. व्हाईट अशा जागी ठेवला की ६ मधल्या पॉकेटात जाईल. मग ७, ४ आणि शेवटी ३.

ब्लॅक कोपऱ्यापासून वीतभर आणि व्हाईट जवळजवळ सरळ रेषेत. ब्लॅक हुकून व्हाईट पॉकेटमध्ये गेला तर तो फक्त फाऊल असतो, फ्रेम जात नाही. पण ब्लॅक आत गेला आणि मागोमाग व्हाईटही गेला, किंवा ब्लॅक सांगितलेल्या पॉकेटऐवजी दुसऱ्यात पडला, तर हार. सरळ शॉटमध्ये लोळत जाणारा व्हाईट नेमका पाठोपाठ जातो. म्हणून पॉकेट बोटाने दाखवलं, क्यूचं टोक व्हाईटच्या मध्याच्या थोडं खाली लावलं आणि नेटका, ठाम फटका मारला. व्हाईट घसरत गेला, ब्लॅकला लागला आणि जवळपास जागीच थांबला. ब्लॅक आत गेला होता, तरी पंच काही बोलले नाहीत. व्हाईटची हालचाल पूर्ण थांबल्यावरच त्यांनी फ्रेम माझ्या नावावर लिहिली.