बाई, ही तर धावता!

जुलैतली गोष्ट. मालवण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत. बाहेर पाऊस असा की पत्र्याखाली स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. परसबागेतल्या झेंडूवर गोगलगायी चढल्या होत्या, म्हणून आदल्या रात्री मी मुलांसाठी एक कविता रचली होती. सुरुवात अशी:

लुटुलुटु लुटुलुटु चालत आली,
परसामधुनी अळवाखाली

मात्रा मोजून पाहिल्या होत्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, ओळीत सोळा. हा पादाकुलकाचा साचा. दर चार मात्रांना एक टाळी दिली की ओळीत बरोब्बर चार टाळ्या बसतात, त्यामुळे लहान मुलांना तो पटकन जमतो. यमकही ठीक होतं. मी खूश होते.

मुलांनी टाळ्या वाजवत म्हणायला घेतलं आणि दुसऱ्याच फेरीला गाडी सुटली. तिसऱ्या फेरीला बाक वाजायला लागले. तेव्हा पहिलीतला एक पोरगा उठून म्हणाला, “बाई, ही तर धावता!”

खरंच होतं. गोगलगाय उंदरासारखी पळत होती.

मधल्या सुट्टीत वही घेऊन बसले. चूक मात्रांच्या बेरजेत नव्हतीच. ‘लुटुलुटु लुटुलुटु’ म्हणजे आठ मात्रांत आठ अक्षरं, सगळी ऱ्हस्व. जीभ टणाटण उड्या मारत जाते. तेवढ्याच आठ मात्रा चार दीर्घ अक्षरांनी भरल्या तर? ‘शिंगे काढी’. टाळ्या तितक्याच, पण एका टाळीत दोनच अक्षरं, प्रत्येकावर रेंगाळावंच लागतं. ‘हळूहळू’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. कवितेला हळू चालता येत नसलं की आपण तिच्यात ‘हळू’ लिहून मोकळे होतो.

मग पावसाला ऱ्हस्व अक्षरं दिली आणि गोगलगायीला दीर्घ:

टपटप टपटप अळवावर सर,
भिजले अंगण, भिजले छप्पर.

आली आली गोगलगाई,
शिंगे काढी, नाही घाई.

‘गोगलगाय’ सात मात्रांचा, टाळीला एक कमी पडतो. म्हणून ‘गोगलगाई’ केलं. धृपद शोधताना मात्र गंमत झाली. आपली म्हण ‘आणि’ने म्हटली की दोन मात्रा जास्त होतात, पण ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असं म्हणा: अलीकडे आठ, पलीकडे आठ. गाय-पाय यमकही आतच. कुणा आजीबाईनं कधीच रचून ठेवलेली ओळ, आणि मी रात्री अकरापर्यंत पेन चावत बसले होते!

‘पोटात पाय’ म्हणजे काय, हे मुलांनी विचारलंच. कागदानं एक गोगलगाय उचलून काचेच्या बरणीवर ठेवली आणि खालून बघितलं. पोटाचा सगळा तळ हाच तिचा पाय. त्यावरून बारीक आडव्या लाटा शेपटीकडून डोक्याकडे सरकत होत्या आणि त्यांच्यावरच ती पुढे जात होती. मागे चिकट ओली रेघ. वरच्या लांब शिंगांच्या टोकाला काळे ठिपके दिसले, ते डोळे. कुणीतरी फुंकर मारली तशी शिंगं आत गेली. नंतर सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले. या गोगलगायींतून रोगाचे जंतही येऊ शकतात, त्यामुळे हौस बघण्यापुरतीच.

दुपारी नवी कविता म्हटली. पावसाच्या ओळींना पोरं सुसाट, आणि ‘शिंगे काढी’ला आपोआप माना पुढे, आवाज लांब. मी काहीच सांगितलं नव्हतं. पुढचं कडवं होतं:

तुळशीपासुन निघे सकाळी,
केळीपाशी संध्याकाळी.

‘संध्याकाळी’ त्यांनी इतकं ताणलं की मला हसू आलं.

पण तो सकाळचा पोरगा पुन्हा उठला. म्हणे, बाई, एवढा वेळ नाय लागणा. आम्ही बघायचं ठरवलं. व्हरांड्यातली एक फुटाची फरशी ओलांडायला गोगलगायीला सहा मिनिटं लागली. तुळशीपासून केळीपर्यंत अंतर वीस फूट. म्हणजे दोन तास. दिवसभर कसा लागेल?

मी गप्प. कवितेत दोन तास बसवायचे कुठे?

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “वाटेत झेंडू खाल्लान असतलो.”

तिथल्या तिथे फळ्यावर लिहिलं:

झेंडू खाई, थोडी थांबे,
वाट जराशी अजून लांबे.

पोरग्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, खिडकीतून झेंडूच्या खोडांकडे पाहिलं आणि खाली बसला.