कबुतरं उडाली पाहिजेत

आमचा छोटा स्टुडिओ ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे, तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर आमच्या खिडकीला जवळजवळ लागूनच. ते इथेच सांगतो, कारण पुढे त्या छपरामुळेच घोळ झाला.

जुलैतला शनिवार होता. आमच्या चोरपावलांच्या गेमची पहिली लेव्हल खेळून बघायला पाच कॉलेजची मुलं बोलावली होती. रात्रीचा वाडा, पहारेकरी, आणि आत शिरणारा एक पोरगा. ‘हळू चालण्यासाठी अमुक बटण दाबा’ असल्या पाट्या आम्ही आठवड्यापूर्वी काढून टाकल्या होत्या. वाडाच सगळं शिकवील, अशी माझी खात्री होती. वाकायचं बटण सापडावं म्हणून सुरुवातीला दिंडी दरवाजा ठेवला होता. उभ्याने आत जाता येत नाही, मग माणूस बटणं चाचपतो आणि वाकतो. पाचही जण अर्ध्या मिनिटात आत आले. मी खूश.

तिसऱ्या दालनात चौघे पकडले गेले, तेही पुन्हा पुन्हा. जमिनीवर चार मीटर पत्रे पसरलेले, पलीकडे शेकोटीकडे तोंड करून बसलेला पहारेकरी, भिंतीला कंदील. वाकून गेलं की पत्रा वाजत नाही, एवढंच शिकवायचं होतं. प्लेटेस्टमध्ये आम्ही मदत करत नाही, फक्त शेवटी एकच प्रश्न विचारतो: “तुला का पकडलं?”

“दिसलो ना मी त्याला. कंदील आहे की तिथे.”

चौघांचं उत्तर हेच. पहारेकऱ्याची पाठ होती, तरीही! कंदील मी फक्त दालन सुंदर दिसावं म्हणून टांगला होता. आणि पत्र्याचा आवाज? बाहेर धो-धो पाऊस शेजारच्या छपरावर असा कोसळत होता, की गेममधला पत्रा वाजतोय हे हेडफोन लावूनही कुणाच्या कानावर गेलं नाही. माणूस हरला की जे डोळ्यांना दिसतं त्याच्यावर खापर फोडतो.

पाचवा मात्र पहिल्या फटक्यात पार. तोच मला जास्त महागात पडला, कारण तो सरळ धावत सुटला होता. आवाज ऐकल्यावर पहारेकरी एक सेकंद घुटमळतो, मग अर्ध्या सेकंदात वळतो. पोरगा सेकंदाला पाच मीटर धावतो, म्हणजे चार मीटर पत्रा त्याने 0.8 सेकंदात ओलांडला आणि तो खांबाआड गेला. धावलं की जमतं, हा धडा तो घेऊन गेला. पुढच्या दालनात सात वेळा पकडला गेला आणि वैतागून त्याने हेडफोन काढून ठेवला.

खरी चूक मात्र दिंडीतच होती, हे मला जेवणानंतर उमगलं. वाकणं म्हणजे बुटक्या दारातून जाणं, एवढाच अर्थ आम्ही शिकवला होता. वाकलं की आवाज होत नाही, हे त्यांना कळायचं कुठून?

मग पहारेकरी यायच्या आधी एक पडका गोठा घातला. जमिनीवर पाचोळा, भिंतीवर कबुतरं. उभ्याने चाललात की कबुतरं भुर्रकन उडतात. पुढे तुळई खाली आलेली, तिथे वाकावंच लागतं. खाली तोच पाचोळा, पण हाताच्या अंतरावर बसलेलं कबूतर मान फिरवतं आणि तसंच बसून राहतं. पकडायला कुणी नाही, म्हणून भीती नाही. उडालेली कबुतरं चार सेकंदांत परत येऊन बसतात, म्हणजे ज्याला शंका आहे त्याने पुन्हा करून बघावं. आवाज डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे पाऊस असो वा आवाज बंद असो, फरक पडत नाही. तिसऱ्या दालनातला कंदील काढला आणि अंधार-उजेड पुढच्या दालनात नेला. पत्रा नऊ मीटर केला, कारण दीड सेकंदात धावणारा साडेसात मीटरच जातो. शिवाय पकडण्याआधी पहारेकरी आता कानाशी हात नेतो.

पुढच्या शनिवारी नवीन पाच जण. एका मुलीने कबुतरं तीनदा उडवली, चौथ्यांदा त्यांच्याखालून वाकून गेली आणि स्वतःशीच हसली. पत्र्यावर ती एकदा पकडली गेली. विचारायच्या आधीच म्हणाली, “ऐकलं त्याने.”

पण तीच मुलगी पाचव्या दालनात अडली. माडीच्या कौलांवर आमच्या आर्टिस्टने शोभेची कबुतरं बसवली होती, ती कशानेच उडत नव्हती. ती दोन मिनिटं खाली पाय आपटत राहिली, कबुतरं ढिम्म. “ही बिघडलीत का?” तिने विचारलं.

संध्याकाळी आर्टिस्टला सांगितलं, सगळी कबुतरं काढ. पंखन्‌पंख हाताने रंगवलेली तीस कबुतरं होती. “सगळी?” म्हणाला. सोमवारपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.