गगनबावड्याच्या वाटेवरची सायकल

पन्हाळ्यावर इतकी गर्दी होती की तटबंदीवर उभं राहून खाली बघायलासुद्धा रांग. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघालो, वाटेत पावसानं गाठलं आणि रस्त्याकडेच्या एका टपरीत शिरलो. या प्रवासातलं लिहिण्यासारखं जे काही आहे ते तिथेच घडलं.

टपरीच्या भिंतीला एक सायकल टेकवलेली होती. जुनी, काळी, डबल बारची. ओझ्याच्या सायकलींना असा दुहेरी दांडा असतो. मी फोटो काढला आणि चहा येईपर्यंत तो मोबाईलवर मोठा करून बघत बसलो. डाव्या पायडलचं रबर पार झिजून नुसता लोखंडी दांडा उरला होता, उजव्याचं मात्र बऱ्यापैकी शाबूत. डावा पाय पायडलवर ठेवून, चार ढांगा रेटून मग टांग मारायची, हे रोज आणि वजनासकट केलं की असंच होतं. कॅरियरच्या दोन्ही कडांना खाचा पडल्या होत्या, आणि त्या घासून पांढऱ्या झाल्या होत्या. दुधाच्या कॅनचे आकडे तिथे अडकत असणार. टायर बसलेले, त्यांना भेगा. पण चेन? चेन तेलानं चमकत होती.

"मावशी, ही सायकल कुणाची?"

"आबांची. वरच्या वस्तीवरनं दूध आणायचे संस्थेत. आता हुत न्हाई त्यास्नी. पर शनवारी येत्यात आन् चेनला तेल घालून जात्यात."

न चालणाऱ्या सायकलीच्या चेनला तेल! माझ्या डोक्यात कथा सुरू झाली ती इथे. पाऊस उघडायची चिन्हं नव्हती, म्हणून जसजसं सुचेल तसं मावशींना सांगत गेलो.

एक माणूस वस्तीवरच्या चार घरांचं म्हशीचं दूध सायकलवरून संस्थेत नेतो. एका पावसाळी पहाटे उतारावर ब्रेक लागत नाहीत. सळीचे ब्रेक, लोखंडी रिम, ती ओली झाली की रबर नुसतं घसरतं. तो उडी टाकून सायकल अंगावर पेलतो, पण एक कॅन कलंडतो. तो असतो एकट्या राहणाऱ्या एका विधवा बाईचा. तिचं घर दुधाच्या बिलावर चालतं. तो काही न बोलता स्वतःच्या कॅनमधलं दूध तिच्या कॅनमध्ये ओततो.

तिच्या म्हशीच्या दुधाला फॅट लागायची ६.२. त्या दिवशी चिठ्ठीवर येते ७.१, कारण त्याची म्हैस चांगली. बाई हरखते, वैरण बदलली ती मानवली म्हणते. दुसऱ्या दिवशी फॅट पुन्हा ६.२. आता तिला वाटतं, हा वाटेत पाणी घालतो. ती वस्तीभर तसं बोलते, आणि तो खरं सांगत नाही, कारण सांडलेल्या दुधाची भरपाई केली हे स्वतःच्या तोंडानं सांगणं त्याला उपकार दाखवल्यासारखं वाटतं.

इथे मावशींनी चहाचं पातेलं खाली उतरवलं. "पाणी घातलं तर डिग्री बी उतरती की! नुसती फॅट कशी उतरंल? चिठ्ठीवर दोन्ही असतंय."

माझी कथा इथूनच पुढे सरकली. म्हशीच्या दुधात पाणी पडलं की फॅट उतरते आणि लॅक्टोमीटरची डिग्रीही उतरते. तिच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर डिग्री जागच्या जागी होती. संस्थेचा सेक्रेटरी त्या शेजारी शेजारी ठेवून तिला दाखवतो. पाणी नव्हतं. मग ७.१ कुठून आली? त्याच दिवशी त्याच माणसाच्या नावावर दूध चार लिटर कमी पडल्याची नोंद वहीत असते.

मला वाटलं, कथा इथे थांबवावी. बाई वहीकडे बघत राहते, बस्स. मावशींना ते अजिबात पटलं नाही. "आवो, ती काय नुसती बघत बसंल व्हय? पैसं परत देणार ती. दुसऱ्याच्या म्हशीचं खाल्लेलं बायामाणसाला पचत न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. गावातल्या हिशेबाची जाण त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मी लिहिलेल्या कथेत ती बाई दहा दिवसांचं बिल हातात पडल्यावर त्या सकाळच्या दुधाचे पैसे वेगळे मोजते आणि त्याच्या दारात जाते. तो नको म्हणतो. ती पैसे उंबऱ्यावर ठेवून वर दगड ठेवते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून, आणि विचारते, "उद्या माझा कॅन न्हेणार न्हवं?"